टायटर लिहिण्याआधी ट्यूबमध्ये एकूण किती मिली आहे ते बघा

मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी करून मी नाशिकमध्ये कॉलेज रोडजवळच्या एका लॅबमध्ये लागले तेव्हा ऐन पावसाळा होता, आणि पावसाळ्यात टायफॉइडच्या शंकेने विडालचे, म्हणजे टायफॉइडच्या जंतूंविरुद्धच्या अँटिबॉडी तपासण्याचे, नमुने ढिगाने येतात. स्लाइडवर पॉझिटिव्ह आलेल्या सिरमचा टायटर, म्हणजे ते किती पट पातळ केलं तरी गुठळ्या होतात तो आकडा, ट्यूब पद्धतीने काढायचं काम नव्या माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

मांडणी अशी. रॅकमध्ये सहा ट्यूब आणि शेवटी एक कंट्रोल. पहिल्या ट्यूबमध्ये १.९ मिली सलाईन, बाकीच्यांत १-१ मिली. पहिल्या ट्यूबमध्ये ०.१ मिली सिरम घातलं की एकूण २ मिली होतं. २ भागिले ०.१, म्हणजे २०. हे झालं १:२०. इथे २० हा आकडा एकूण द्रवाचा आहे, नुसत्या सलाईनचा नाही. कॉलेजात मी १:१० करायला १ मिलीत १० मिली ओतायचे, ते खरं तर १:११ व्हायचं आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

पुढे पहिल्या ट्यूबमधलं १ मिली उचलून दुसरीत घालायचं, पिपेटने पाच-सहा वेळा आत-बाहेर करून फेस न येऊ देता मिसळायचं, टिप बदलायची आणि दुसरीतलं १ मिली तिसरीत. असं करत ४०, ८०, १६०, ३२०, ६४०. सहावीतलं १ मिली फेकायचं. हे फेकायला मी पहिल्याच आठवड्यात विसरले. सरांनी रॅक डोळ्यांच्या रेषेत धरला आणि म्हणाले, “शेवटची ट्यूब इतकी भरलेली कशी गं?” तेव्हापासून अँटिजेन, म्हणजे मारलेल्या जंतूंचा तयार द्रव, घालण्याआधी सगळ्या ट्यूबमधली पातळी एका रेषेत आहे का, हे मी बघतेच.

चूक वाढत कशी जाते ते एकदा हिशोब करून बघा. पिपेट दर वेळी १ ऐवजी ०.९ मिली उचलत असेल तर प्रत्येक पायरीला दुप्पट नाही, १.९ भागिले ०.९ म्हणजे साधारण २.११ पट पातळ होतं. पाच पायऱ्यांनंतर ज्या ट्यूबवर आपण ६४० लिहिलंय तिथे प्रत्यक्षात ८३८ च्या आसपास असतं. टिप न बदलल्यास उलटं होतं: टिपेला चिकटलेलं घट्ट सिरम पुढच्या ट्यूबमध्ये जातं आणि टायटर उगाच चढतो.

आता खरा घोटाळा. आमच्याकडे तेव्हा अँटिजेनही प्रत्येक ट्यूबमध्ये १ मिली, म्हणजे सिरमइतकंच घालत. त्यामुळे एकूण २ मिली होऊन सगळे आकडे दुप्पट होतात: ४०, ८०, १६०, ३२०, ६४०, १२८०. ज्या किटमध्ये फक्त एक थेंब, साधारण ०.०५ मिली घालायचं असतं, तिथे फरक पाचच टक्क्यांचा पडतो, म्हणून तो धरत नाहीत. कंट्रोलमध्ये नुसतं सलाईन आणि अँटिजेन. रात्रभर ३७ अंशांना ठेवून सकाळी वाचायचं. कंट्रोलमध्ये तळाशी घट्ट ठिपका बसतो आणि ट्यूब हलकेच टिचकली की तो एकसारखा गढूळ होऊन विरतो. ओ अँटिजेनच्या गुठळ्या बारीक, रवाळ असतात, एचच्या कापसासारख्या सैल. जिथवर गुठळ्या दिसतात त्यातल्या शेवटच्या ट्यूबचा आकडा म्हणजे टायटर.

एका पेशंटचा ओचा पहिला रिपोर्ट ८० होता. आठवड्याने दुसरा नमुना मी लावला, चौथ्या ट्यूबपर्यंत गुठळ्या दिसल्या, दुप्पट धरून मी ३२० लिहिलं. ८० वरून ३२० म्हणजे चौपट, आणि जोडीच्या नमुन्यांत चौपट वाढ म्हणजे दखल घ्यायलाच हवी. मी रिपोर्ट घेऊन सरांकडे गेले. त्यांनी कच्चं रजिस्टर उघडलं. पहिल्या वेळी तिसऱ्या ट्यूबपर्यंत खूण होती, पण लिहिणाऱ्याने अँटिजेन धरलंच नव्हतं. खरा आकडा १६०. म्हणजे फरक एका ट्यूबचा, आणि एवढा फरक तर तेच सिरम दोनदा लावलं तरी पडतो.

पहिलं सिरम फ्रीझरमध्ये ठेवलेलं होतं. दोन्ही सिरम शेजारी-शेजारी, त्याच दिवशी, त्याच अँटिजेनने मी पुन्हा लावली. दोन्ही चौथ्या ट्यूबला थांबली. सरांनी डॉक्टरांना फोन करून सांगितलं की वाढ नाही, ब्लड कल्चर पाठवा; विडालचा चढलेला आकडा जुन्या संसर्गाने किंवा लसीनेही दिसू शकतो.

आता कच्च्या रजिस्टरमध्ये मी टायटरच्या आधी दोन गोष्टी लिहिते: कितवी ट्यूब, आणि अँटिजेन किती मिली.