एक कुर्ती, तीन बांधे : पुतळ्यासारखे न दिसणारे फोटो कसे काढावेत

नागपूरच्या इतवारी-गांधीबागेतून कापड उचलून कुर्त्या शिवून विकणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना गिऱ्हाइकाचा एक प्रश्न हमखास येतो: "ताई, माझ्या अंगावर ही कशी दिसेल?" सडपातळ मुलीचा, हात बाजूला सोडून ताठ उभा राहिलेला एकच फोटो या प्रश्नाचं उत्तर देत नाही. पुतळ्यावर चढवलेला कपडा जेवढं सांगतो, तेवढंच तो सांगतो. उत्तर हवं असेल तर तीच कुर्ती तीन वेगळ्या बांध्यांवर दाखवावी लागते, आणि त्या तिघीही रोजच्यासारख्या उभ्या, चालत्या, बसलेल्या दिसाव्या लागतात.

इथे एकच उदाहरण धरू. सरळ कटाची सुती कुर्ती, लांबी ४२ इंच, पाऊण बाही, दोन्ही बाजूंना चीर. मॉडेल तिघी: पहिलीची छाती ३८ आणि उंची ५ फूट ६ इंच, दुसरीची छाती ४२ आणि उंची ५ फूट १ इंच, तिसरीची छाती ४६ आणि उंची ५ फूट ४ इंच. व्यावसायिक मॉडेलच पाहिजे असं काही नाही. ओळखीतल्या, नृत्यवर्गातल्या, दुकानात काम करणाऱ्या बायका चालतात, अनेकदा जास्त चांगल्या दिसतात. मात्र फोटो कुठे वापरणार, किती काळ वापरणार आणि मानधन किती, हे आधी कागदावर लिहून दोघांनी सही करावी.

आधी कपडा, मग कॅमेरा

सगळ्यात मोठी चूक कॅमेऱ्याच्या आधीच होते. हाताशी एकच नमुना असतो, तो तिघींना घालतात आणि पाठीमागून क्लिपा लावून ओढतात. समोरून कपडा अंगावर नीट बसलेला दिसतो, पण तो फिटिंग खोटा असतो. घरी पार्सल उघडणाऱ्या बाईला तो कधीच मिळणार नाही, आणि माल परत येतो. प्रत्येकीसाठी तिच्या मापाचा, विक्रीला जाणार तोच तुकडा शिवून घ्या. सुती, न ताणणाऱ्या कापडात छातीला शरीराच्या मापापेक्षा २ ते ३ इंच सैलपणा हवा, म्हणजे ४२ छातीच्या बाईची कुर्ती ४४ ते ४५ भरली पाहिजे.

फोटोआधी प्रत्येकीला कुर्ती घालून दोन हालचाली करायला सांगा: दोन्ही हात वर करा, आणि स्टुलावर बसा. छातीवर आडव्या चुण्या पडल्या तर कपडा तंग आहे. छातीच्या टोकापासून मुंढ्याकडे तिरपी चुणी गेली तर छातीला जागा कमी पडली आहे. तिसऱ्या मॉडेलवर एक दोष बहुधा हमखास दिसतो: खांद्याची शिवण दंडावर घसरलेली, मुंढा खोल, गळा उघडा. कारण सोपं आहे. लहान मापाचा कागद सगळ्या बाजूंनी सारखाच वाढवला, पण छाती वाढली म्हणून खांदा त्या प्रमाणात रुंद होत नाही. हा दोष पोझ बदलून झाकू नका. मास्टरकडे कुर्ती परत पाठवा, मग फोटो काढा. तीन बांध्यांवर फोटो काढण्याचा हा मोठा फायदा आहे: फोटोच्या आधीच कपड्यातली खोट सापडते.

लांबीही बघा. ४२ इंचांची कुर्ती पहिलीच्या गुडघ्याखाली साधारण चार इंचांवर थांबते, तर दुसरीच्या पोटरीच्या मध्यावर येते. तिसरीची छाती भरीव असल्याने पुढची कड मागच्यापेक्षा थोडी वर उचललेली दिसते. तीही खरीखुरी माहिती आहे, ती ओढून सरळ करू नका.

उजेड आणि अंतर

नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. मे अखेरीस भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली काळ्या सावल्या पडतात आणि छातीखालचा कापडाचा भाग काळवंडतो. त्या उजेडात भरदार बांधा उगाचच आणखी जाड भासतो. गच्चीपेक्षा उत्तरेकडचा व्हरांडा बरा. हिवाळ्यात तिथे दिवसभर मऊ सावली असते. मे ते जुलै सकाळ-संध्याकाळ तिथेही तिरकं ऊन येऊ शकतं, म्हणून आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन बघा. उन्हाळ्यात सकाळी सातला सुरू करून नऊच्या आत संपवा. घामाचे डाग गडद सुतीवर काखेत लगेच दिसतात. मॉडेलना कूलरच्या खोलीत बसवा, पण इस्त्री केलेल्या कुर्त्या तिथे टांगू नका. ओलसर हवेत खळ मऊ पडते आणि कड लोंबते.

भिंत पांढरट किंवा फिकट राखाडी असावी आणि मॉडेल तिच्यापासून किमान चार फूट पुढे. हिरव्या किंवा लाल भिंतीचा रंग कापडावर उतरतो आणि मग कुर्तीचा रंग चुकीचा जातो.

मोबाईलने काढत असाल तर दहा-अकरा फूट लांब उभे राहा आणि दुप्पट झूम वापरा. चार-पाच फुटांवरून साध्या लेन्सने काढलं, तर कॅमेऱ्याला जे जवळ ते फुगतं: कधी पोट, कधी मांड्या, कधी चेहरा. कॅमेरा नाभीच्या उंचीवर, सरळ धरलेला. तिघींच्या उंचीत पाच इंचांपर्यंत फरक आहे, म्हणून प्रत्येकीसाठी तो थोडा वरखाली करावा लागतो. पण जमिनीवर टेप लावून अंतर मात्र तिघींसाठी एकच ठेवा, म्हणजे बुटकी बुटकीच दिसेल आणि गिऱ्हाईक स्वतःशी ताडून पाहू शकेल. भरदार बांध्याच्या बाईचा फोटो वरून काढायचा, तिला, तिरकं उभं करायचं, ओढणीने पोट झाकायचं, ही सवय मोडा. तिच्यासाठी तोच उजेड, तेच अंतर, तोच समोरून, काही न झाकता काढलेला फोटो. झाकलेल्या फोटोवरून ४६ मापाच्या बाईला काहीच कळत नाही, आणि जे कळतं ते अपमानाचं असतं.

ताठपणा कुठून येतो

"सरळ उभी राहा, हस" म्हटलं की माणूस दोन्ही पायांवर सारखा भार टाकतो, गुडघे घट्ट करतो, श्वास धरतो आणि हात अंगाला चिकटवतो. धरलेल्या श्वासाने खांदे वर जातात आणि गळा पुढे उघडतो. चिकटलेल्या हाताने दंड चपटा, म्हणून जाड दिसतो, आणि कुर्तीची बाजूची शिवण झाकली जाते. पुतळा असा दिसतो कारण त्याला वजन तोलायचं नसतं.

त्यामुळे पोझ सांगू नका, भार आणि काम सांगा. "सगळं वजन डाव्या पायावर टाका, उजवा गुडघा मोकळा सोडा." एवढ्याने कंबर एका बाजूला झुकते, खांदे उलट दिशेला तोल सांभाळतात, आणि कापड सरळ पत्र्यासारखं न राहता तिरप्या चुण्यांत पडतं. सुतीची पडण कशी आहे, हे त्या चुण्यांतून कळतं. "कंबर बाहेर काढा" म्हणू नका. तसं केलं की बाई वाकते आणि शिवण वाकडी दिसते.

हातांना खरं काम द्या: ओढणी खांद्यावर सारणं, बांगडी मागे सरकवणं, खिसा असेल तर त्यात चावी शोधणं. बोटं वाकलेली राहतात, कोपर अंगापासून सुटतं आणि कमरेची रेषा मोकळी दिसते. मग म्हणा, "श्वास सोडा," आणि सोडून झाल्यावर लगेच बटण दाबा. त्या क्षणी खांदे आपोआप खाली असतात. हसायला सांगायची गरज नसते. ओळखीची बाई बाजूला उभी करून तिच्याशी बोलायला सांगितलं की चेहरा स्वतःहून मोकळा होतो.

चालण्याचा फोटो या कुर्तीसाठी सगळ्यात कामाचा, कारण बाजूची चीर किती उघडते ते त्यातच दिसतं. सात-आठ पावलं मागून चालत यायला सांगा, नजर कॅमेऱ्याच्या मागच्या एखाद्या वस्तूवर. मोबाईलवर सलग फोटो घ्या, कॅमेऱ्यात शटर निदान १/२५० ठेवा. पुढचं पाऊल टेकतं आणि मागची टाच उचलली जाते, तो फोटो निवडा. दोन्ही पाय एकमेकांजवळून जातानाचा फोटो उभा राहिल्यासारखाच दिसतो. दुसऱ्या मॉडेलची पावलं लहान पडतात, चीर कमी उघडते. "मोठं पाऊल टाका" म्हणून ते बदलू नका.

बसण्यासाठी १८ इंच उंच स्टूल घ्या, पुढच्या अर्ध्या भागावर बसवा, एक पाय जरा पुढे. पोटावर घडी पडते, ती पडू द्या. पण बटणपट्टी फाकली तर तो शरीराचा नाही, कपड्याचा दोष आहे.

कपडा नीट करायचा असेल तर हात लावण्याआधी विचारा. मदतीला एक बाई असली तर उत्तम. आरसा आणि आतून कडी लागणारी खोलीही लागतेच. अवघडलेली बाई मोकळी दिसत नाही, मग कितीही सूचना द्या.

निवड

प्रत्येकीचे पाच फोटो ठेवा: समोरून, बाजूने, मागून, चालताना, बसून. निवडताना अंगठ्याने चेहरा झाका. उरलेल्या अंगाकडे बघून ती काय करतेय हे कळलं, तर फोटो ठेवा. कळलं नाही आणि फोटो चांगला वाटत असेल, तर तो फक्त हसण्यामुळे चांगला वाटतोय. नंतर मोठं करून कड, लेबल, आतल्या पट्ट्या आणि बोटं तपासा. दुरुस्तीत उजेड आणि रंग सावरा, कंबर किंवा दंड बारीक करू नका. कंबर आत ओढली की त्या जागची छपाईची नक्षीही वाकते, आणि लक्ष देणाऱ्या गिऱ्हाइकाला ते दिसतं.

फोटोखाली एवढं लिहा: "मॉडेलची उंची ५ फूट १ इंच, छाती ४२, अंगावर एक्सएल साईझ, कुर्तीची लांबी ४२ इंच." ही ओळ तिन्ही मॉडेलच्या फोटोंना वेगवेगळी लागेल. प्रत्येकीच्या उंचीची नोंद त्याच दिवशी टेपने मोजून करा, तिला विचारून नाही. उंची सांगताना एखाद-दोन इंच इकडेतिकडे होतात, आणि ४२ इंचांच्या कुर्तीची कड कुठे येणार हे नेमकं त्यावरच ठरतं.