हनुक्काच्या मेणबत्त्या लावताना या चुका टाळा (यंदा पहिलीच रात्र शुक्रवारी आलीये!)

2026 मध्ये हनुक्काची पहिली मेणबत्ती शुक्रवारी 4 डिसेंबरला संध्याकाळी आणि आठवीसुद्धा शुक्रवारीच, 11 डिसेंबरला. म्हणजे एकाच वर्षात दोनदा शब्बाथशी गाठ. एरवीही आपल्या बेने इस्राएली घरांमध्ये हनुक्कात थोडा गोंधळ असतोच आणि त्याला कारण आहे. कोकणातल्या आपल्या पूर्वजांना हा सण माहीतच नव्हता, बाकीच्या ज्यू लोकांशी संबंध तुटलेला, पुढे बऱ्याच नंतर कोचीनहून वगैरे शिकवणारे आले तेव्हा तो परत घरात आला. त्यामुळे मलिद्याचं ताट कसं लावायचं हे आजी झोपेतसुद्धा सांगेल पण हनुकिया कुठल्या बाजूने भरायची म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात आणि मग कोणीतरी यूट्यूब लावतं. गंमत म्हणजे गावाकडे आपल्याला शनिवार तेली म्हणायचे, घाण्यावर तेल काढणारे आपण, आणि तेलाचाच सण आपल्याला माहीत नाही!

तर सगळ्यात जास्त होणारी चूक: बाजू उलटी.

नियम खरंतर एका वाक्याचा आहे. भरायचं उजवीकडून, पेटवायचं डावीकडून. हनुकियासमोर तुम्ही उभे आहात, तुमच्या उजव्या हाताच्या टोकाला पहिल्या रात्रीची मेणबत्ती. दुसऱ्या रात्री तिच्या डावीकडे अजून एक. तिसऱ्या रात्री त्याच्या डावीकडे अजून एक. पेटवताना मात्र आज नवीन आलेली, म्हणजे सगळ्यात डावीकडची, ती आधी आणि मग उजवीकडे सरकत जायचं. म्हणजे तिसऱ्या रात्री उजवीकडच्या तीन खाचा भरलेल्या आणि डावीकडच्या पाच रिकाम्या, आणि काडी आधी त्या तिघींतल्या डावीकडच्या मेणबत्तीला, मग मधलीला, मग टोकाचीला.

एवढं सोपं असून चुकतं का? आमच्याकडे दोन वर्षं उलटं चाललं होतं आणि कोणाला पत्ता नाही. आत्या अश्दोदला असते, ती दर रात्री व्हिडिओ कॉल करून लावते आणि आम्ही तिचं बघून इकडे लावायचो. आता ती हनुकियाच्या पलीकडे उभी, कॅमेरा अलीकडे, म्हणजे तिचा उजवा हात आम्हाला स्क्रीनवर डावीकडे दिसणार ना! आम्ही आपले डावीकडून भरतोय. सिनेगॉगमध्ये एका काकांनी आमचा फोटो बघून विचारलं, "अगं हा फोटो खिडकीच्या बाहेरून काढलायस का?" तेव्हा ट्यूब पेटली. फोटो आणि व्हिडिओ बहुतेक वेळा समोरून काढलेले असतात, त्यामुळे त्यावरून बाजू ठरवू नका, स्वतःच्या हाताने ठरवा. दुसरं कारण म्हणजे टेबलावर बसून नीट भरायची आणि मग रस्त्यावरून छान दिसावी म्हणून खिडकीत नेऊन फिरवून ठेवायची. फिरवली की उजवं डावं झालं. जिथे उभं राहून पेटवणार तिथेच उभं राहून भरा, प्रश्नच मिटला.

शमाश मोजायची नाही हेही सांगते, कारण पहिल्या रात्री दोन ज्योती बघून मुलं हमखास विचारतात. शमाश ही मदतनीस, ती वेगळ्या उंचीवर किंवा जरा बाजूला हवी. हनुक्काच्या ज्योतीचा उजेड वापरायचा नसतो, त्या उजेडात वाचायचं नाही की नोटा मोजायच्या नाहीत, म्हणून तिथे एक ज्यादा दिवा असतो. बाकीच्या आठ एका सरळ ओळीत, एका उंचीवर. पूर्ण सणाला शमाश धरून 44 मेणबत्त्या लागतात, 36 आणून ठेवल्या तर शेवटच्या रात्री पळापळ. आणि हनुकिया नसेल तर आठ साध्या पणत्या ओळीत मांडल्या तरी चालतं, ती पितळेचीच पाहिजे असं अजिबात नाही. बल्बची इलेक्ट्रिकवाली शोला ठेवा पण बहुतेक रब्बींच्या मते तिच्यावर ब्राखा म्हणता येत नाही.

आता ब्राखा. पहिल्या रात्री तीन, दुसऱ्यापासून आठव्यापर्यंत दोन.

पहिली: बारुख अता अदोनाय एलोहेनु मेलेख हाओलाम, अशेर किदशानु बेमित्स्वोताव वेत्सिवानु लेहादलिक नेर हनुक्का. म्हणजे दिवा लावायची आज्ञा दिलीस म्हणून. दुसरीची सुरुवात तीच, बारुख अता पासून हाओलाम पर्यंत, आणि पुढे शेआसा निसिम लाअवोतेनु बायामिम हाहेम बाझमान हाझे, आमच्या पूर्वजांसाठी त्या काळी याच दिवसांत चमत्कार केलेस. तिसरी तीच सुरुवात करून शेहेखेयानु वेकिय्येमानु वेहिगियानु लाझमान हाझे, या दिवसापर्यंत आम्हाला जगवलंस, आणलंस.

चूक इथे अशी होते की उत्साहात आधी पेटवतात आणि मग सगळे मिळून गाणं म्हटल्यासारखं ब्राखा म्हणतात. उलटं आहे. हातात पेटलेली शमाश धरायची, सगळ्या ब्राखा पूर्ण म्हणायच्या, मध्ये "अरे पंखा बंद कर" वगैरे काही बोलायचं नाही (पंखा आधीच बंद करा), आणि मग पहिली ज्योत. शेहेखेयानु पहिल्या रात्री राहून गेली, किंवा तुम्ही प्रवासात होतात आणि लावलंच नाही, तर ज्या रात्री या वर्षी पहिल्यांदा लावाल तेव्हा म्हणा. पण राहिलेल्या रात्रीच्या मेणबत्त्या भरून काढायच्या नसतात, तिसरी रात्र हुकली तर चौथ्या रात्री सरळ चार.

"नेर हनुक्का" की "नेर शेल हनुक्का" यावरून आमच्या फॅमिली ग्रुपवर दर वर्षी मेसेजेसची लाईन लागते. आपण सेफार्दी पद्धतीने चालतो, त्यात शेल नाही. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ अश्केनाझी पद्धतीचे, त्यात शेल आहे. दोन्ही बरोबर, आपल्या घरी आपलं म्हणा. तसंच त्यांच्याकडे घरातला प्रत्येकजण आपापली हनुकिया लावतो आणि सेफार्दी घरात सगळ्यांची मिळून एक, एकाने ब्राखा म्हणायच्या, बाकीच्यांनी आमेन. मुलांनी दुसऱ्यांचं बघून हट्ट केला तर त्यांना वेगळी लावू द्या पण ब्राखा एकदाच.

आता शुक्रवार, यात खरी गंमत आहे.

4 डिसेंबरला मुंबई-ठाण्यात सूर्यास्त साधारण सहाला. शब्बाथच्या मेणबत्त्या त्याच्या 18 मिनिटं आधी, म्हणजे पावणेसहाच्या जरा आधी. हनुक्काची ज्योत शब्बाथच्या आधी लावायची, कारण शब्बाथ एकदा स्वीकारला की आग पेटवणं बंद. म्हणजे साडेपाचला सगळे घरी पाहिजेत, ऑफिसवाल्यांनी लोकलचं गणित आत्ताच बघून ठेवा. पण फार लवकरही नाही, सूर्यास्ताच्या सव्वा तासापेक्षा आधी लावलेलं धरत नाहीत.

आणि ती ज्योत चांदण्या दिसल्यानंतर अर्धा तास तरी जळली पाहिजे. साडेपाचला लावली तर सातपर्यंत, म्हणजे दीड तास. हनुक्काच्या पाकिटातल्या रंगीत बारीक मेणबत्त्या अर्धा-पाऊण तासात संपतात. एरवी अंधार पडल्यावर लावतो तेव्हा तेवढं पुरतं, शुक्रवारी नाही पुरत, अंधार पडायच्या आसपासच विझते. आणि शब्बाथ लागल्यावर विझली तर परत लावता येत नाही. म्हणून त्या दिवशी एकतर लाईट गेल्यावर लावतो त्या जाड मेणबत्त्या (खाचेत बसत नसतील तर बूड थोडं वितळवून बसवा) किंवा सरळ तेल. ऑलिव्हचं असेल तर उत्तम, नसेल तर दुसरं तेलही चालतं. किती तेल ओतायचं हे वातीवर असतं, म्हणून आदल्या गुरुवारी एक पणती भरून लावा आणि घड्याळ बघा. आमच्याकडे पहिल्या ट्रायलला वात जाड झाली आणि 50 मिनिटांत पणती कोरडी, मग बारीक वळल्यावर दोन तास आरामात.

11 तारखेला तर आठ आणि शमाश, नऊ ज्योती जवळजवळ. मेणबत्त्या असतील तर मधल्या शेजारच्या गरमीनेच वाकतात आणि एकटीपेक्षा लवकर संपतात, गुरुवारी एकटीवर केलेली टेस्ट तिथे खोटी ठरते. त्या रात्री तेलच लावा.

मधल्या शनिवारी, 5 तारखेला, दुसरी रात्र. शब्बाथ पूर्ण संपल्याशिवाय लावायची नाही आणि दुपारी बसून तयारीही करायची नाही. हवदाला आधी की हनुक्का आधी यात घराघरात फरक आहे, तुमच्या घरी जे चालत आलंय ते चालू द्या.

राहिली जागा. मूळ पद्धत म्हणजे रस्त्याकडच्या दाराबाहेर, आत शिरताना मेझुझा उजवीकडे येते तर हनुकिया तिच्या समोर डावीकडे. इस्राएलमध्ये काचेच्या पेटीत ठेवून असंच लावतात. फ्लॅटमध्ये बहुतेक लोक रस्त्याकडच्या खिडकीत ठेवतात. जमिनीपासून साधारण 80 सेंटीमीटरच्या खाली असणं चांगलं मानतात पण खिडकीच त्याहून उंच असेल तर चालतं. रस्त्यापासून फारच वर राहत असाल, साधारण 9-10 मीटरच्या वर म्हणजे तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या पुढे, तर खालच्या लोकांना दिसल्याचं धरत नाहीत, मग दाराजवळ ठेवलेली बरी. आणि बाहेर लावण्यात धोका वाटत असेल तर आत टेबलावर, हे तलमूदमध्येच सांगितलंय.

जागेची खरी चूक मात्र वेगळीच. किचनच्या ओट्यावर वारा नाही म्हणून तिथे पेटवायची आणि मग उचलून खिडकीत न्यायची. तसं चालत नाही, जिथे राहणार तिथेच पेटवायची. शुक्रवारी तर शब्बाथ लागल्यावर हलवताही येत नाही, आणि आम्ही एकदा शहाण्यासारखी सेफ्टी डोअरच्या बाजूच्या शू रॅकवर ठेवली. पाहुणे आले, दार उघडलं, झुळूक आली, गेली ज्योत. रात्रभर ती विझलेली हनुकिया तिथेच आणि चपला सगळ्या जमिनीवर.

विझली तर काय? वारा नसलेल्या जागी, पुरेसं तेल घालून लावली आणि तरी विझली तर तुमचं काम झालेलं आहे, परत लावली तर छानच पण ब्राखा न म्हणता. वाऱ्यातच ठेवली होती किंवा तेलच कमी घातलं होतं तर मात्र परत लावायची, तेव्हाही ब्राखा नाही. तिसऱ्या रात्री चुकून दोनच लावल्या आणि नंतर लक्षात आलं तर तिसरी तशीच लावून टाका. आणि पडदे बांधून ठेवा प्लीज, आमच्या हॉलच्या पडद्याला अजून एक तपकिरी भोक आहे.