सरासरी शून्य, तरी बस चुकायची

भोसरीहून चाकणला कामगार नेणाऱ्या छोट्या बससेवेचं वेळापत्रक मी तपासत होतो. थांब्यानुसार फरक (प्रत्यक्ष वेळ वजा ठरलेली) काढला, तर मोशीची सरासरी शून्य मिनिटं! पण तिथल्याच लोकांची बस सर्वांत जास्त चुकायची. सहा फेऱ्या सुट्या पाहिल्या: -6, -5, -4, 4, 5, 6. लवकर आणि उशीर एकमेकांत विरून गेले होते.

मग सरासरी सोडली आणि एक मिनिट लवकर ते पाच मिनिटं उशीर एवढ्यालाच वेळेवर धरलं. स्प्रेडशीटच्या A स्तंभात थांबा, D मध्ये फरक:

```
=COUNTIFS(A:A,"मोशी",D:D,">=-1",D:D,"<=5")/COUNTIF(A:A,"मोशी")
```

सहापैकी दोनच वेळेवर. लवकरच्या तिन्ही फेऱ्या पहाटेच्या, मोकळ्या रस्त्याच्या. आता चालक मोशीला ठरलेल्या वेळेपर्यंत थांबतात.