दुरुस्त गेजचा काटा शून्यावर येत नाही? या चुका टाळा

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतला एक मध्यम कारखाना, रविवारची रात्र. दोन दिवस बंद असलेला बॉयलर सोमवारच्या पहिल्या पाळीसाठी पेटवायचा आहे. स्टीम ड्रमवरचा एअर व्हेंट उघडा आहे, म्हणजे आत हवेच्या दाबाखेरीज काहीच नाही. तरी शनिवारी दुरुस्त होऊन आलेल्या दाबाच्या गेजचा काटा ०.६ किलोवर उभा. दुरुस्तीआधी तो इतका वर राहत नसे. पाळी सोपवून निघालेला सहकारी जाता जाता म्हणतो, "काही नाही भाऊ, पॉइंट सहा वजा करून वाचायचं." रात्रपाळीच्या ऑपरेटरला हे पटत नाही. बर्नरला हात लावण्याआधी त्याला त्या ०.६ चा हिशोब लागायला हवा आहे.

त्याचा संशय रास्त आहे. फक्त गेज खोटं म्हणून काढून टाकणं हीही तितकीच घाईची चूक ठरली असती. काटा शून्यावर न येण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि काहींत गेजचा दोष मुळीच नसतो. सहकाऱ्याचा सल्ला मात्र सर्वांत धोकादायक. तो का, ते पुढच्या आकड्यांवरून कळेल.

पहिली चूक: पाण्याचं वजन विसरणं

वाफेच्या गेजखाली सायफन असतो, वळसा घेतलेली नळी. तिच्यात वाफेचं थंड झालेलं पाणी साठून राहतं, त्यामुळे गरम वाफ गेजच्या आतल्या, काटा हलवणाऱ्या बूर्डॉन नळीपर्यंत पोचत नाही. गेज नजरेच्या उंचीवर यावं म्हणून ते ड्रमवरच्या जोडणीपासून बरंच खाली बसवलेलं असतं आणि मधला सगळा पाइप पाण्याने भरलेला असतो. १० मीटर उंच पाण्याचा दाब सुमारे १ किलो प्रति चौ. सेंमी. होतो. इथे गेज जोडणीच्या २ मीटर खाली आहे, म्हणजे बॉयलर पूर्ण थंड असला तरी काट्याने ०.२ दाखवणं बरोबरच आहे.

म्हणून शून्य तपासायचं असेल तर गेजखालचा तीन वाटांचा कॉक सावकाश फिरवून बॉयलरची बाजू बंद करायची आणि गेजची बाजू हवेला उघडायची. ऑपरेटरने तसं केलं. काटा ०.६ वरून ०.४ वर आला आणि तिथेच थांबला. म्हणजे ०.२ पाण्याचे होते, उरलेला ०.४ गेजचा स्वतःचा.

इथे एक पळवाट ऐकायला मिळते: "दुरुस्तीवाल्याने पाण्याचा हिशोब धरूनच काटा लावला असेल." गेज जोडणीच्या खाली असताना असा हिशोब केला, तर काटा मुद्दाम मागे बसवावा लागतो. मग हवेला उघडल्यावर तो शून्याच्या खाली जाईल किंवा शून्याच्या खिळीला टेकेल, शून्याच्या वर राहणार नाही. वर राहिलेल्या काट्याला हे कारण लागू पडत नाही.

आणखी एक गफलत बंद बॉयलरवर होते. व्हेंट बंद ठेवून बॉयलर थंड झाला की आतली वाफ आटून पोकळी तयार होते, दाब हवेपेक्षा खाली जातो आणि काटा मागे ओढला जातो. वर राहणारा काटा त्या वेळी नेमका शून्यावर दिसू शकतो. गेजचं शून्य तपासताना आधी व्हेंट उघडा आहे ना, ते बघा.

दुसरी चूक: काचेवर ठोसे

काटा अडकलाय असं वाटून जोरात ठोकणारे पुष्कळ. हलकी टिचकी मात्र कामाची आहे. टिचकीनंतर काटा खाली उतरला, तर आतल्या दात्यांच्या पट्टीत किंवा छोट्या दातेरी चाकात घर्षण आहे, घाण बसली आहे, नाहीतर बारीक केशस्प्रिंग सैल पडली आहे. टिचकीनंतरही काटा जागचा हलला नाही, तर अडकण्याचा प्रश्न नाही. काटा तिथे बसवलाच गेलाय किंवा नळीचाच आकार बदललाय. या गेजचा काटा टिचकीनंतर ०.४ वरच राहिला.

ग्लिसरीन भरलेलं गेज असेल तर टिचकीच्याही आधी वरची रबरी बुच किंवा व्हेंटची पिन बघा. थंडीत डबीच्या आत पोकळी होऊन काटा थोडा वर राहू शकतो. व्हेंट उघडला की तो शून्यावर येतो आणि भानगड तिथेच मिटते.

तिसरी आणि खरी चूक: वजा करून वाचणं

वजाबाकी केव्हा चालते? दोष सगळ्या दाबांवर सारखाच असेल तेव्हा. काटा आपल्या दांड्यावर नुसता एका बाजूला घसरला असेल, तर शून्यावर ०.४ जास्त, ८ वरही ०.४ जास्त. पण काटा शून्यावर ०.४ दाखवतो एवढ्यावरून ८ वर काय होतं ते कळत नाही. त्यासाठी गेज दुसऱ्या खात्रीच्या गेजशेजारी लावून चढत्या दाबावर पाहावं लागतं.

बॉयलरच्या कॉकला इन्स्पेक्टरचं तपासणी गेज लावण्याची जागा असतेच. इन्स्ट्रुमेंट रूममधलं चालू तारखेचं प्रमाणपत्र असलेलं टेस्ट गेज ऑपरेटरने बॉयलर थंड असतानाच तिथे चढवलं. दोन्ही गेजना एकच पाण्याचा स्तंभ लागतो, म्हणून तुलना करताना ०.२ चा विचार करावा लागत नाही. मग बॉयलर पेटवला आणि दाब चढताना वाचनं घेतली. टेस्ट गेजवर ४ असताना दुरुस्त गेज ४.२ दाखवत होतं. ८ वर बरोबर ८. बर्नर कापणाऱ्या प्रेशर स्विचच्या हद्दीत, १० वर, ९.९. दाब उतरतानाही हीच वाचनं आली, म्हणजे घर्षणाचा संशय उरला नाही.

आता हे आकडे नीट बघा. गेज खाली जास्त दाखवतं, ८ वर खरं बोलतं आणि वर गेलं की कमी दाखवतं. काटा दर किलोला पूर्ण किलोभर न सरकता ०.९५ एवढाच सरकतो. गेज ० ते १६ चं आहे, १ वर्गाचं, म्हणजे त्याला पूर्ण मापाच्या १ टक्का, ०.१६ एवढीच चूक माफ आहे. गंमत अशी की रोज ज्या पट्ट्यात बॉयलर चालतो त्या ८ ते १० मध्ये ते माफीच्या आतच बसतं. नापास होतं ते खालच्या भागात, जिथे कोणी बघत नाही.

आता वजाबाकी करा. सहकाऱ्याच्या ०.६ ऐवजी कॉक उघडून मिळालेला नेमका ०.४ जरी वजा केला, तरी खरा दाब १० असताना गेज ९.९ दाखवणार आणि ऑपरेटर मनात ९.५ धरणार. सेफ्टी व्हॉल्व्ह १०.५ वर बसवलेला. त्याला वाटणार अजून १ किलोची जागा आहे, असणार अर्धाच किलो. गेज वरच्या भागात आधीच कमी दाखवत होतं, वजाबाकीने त्यात भरच पडली.

दुरुस्तीत नक्की काय झालं

बूर्डॉन नळी ही चपट्या छेदाची, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकवलेली नळी. दाब आला की ती सरळ होऊ पाहते, तिचं टोक थोडंसं हलतं. ती हालचाल एका छोट्या दुव्याने दात्यांच्या पट्टीच्या शेपटीकडे जाते आणि चाकामार्फत काटा फिरतो. शेपटीत खाच असते. दुवा त्या खाचेत पट्टीच्या खिळीपासून लांब सरकवला की काटा कमी फिरतो, जवळ आणला की जास्त.

या गेजमध्ये दुवा लांब गेला होता. मग दुरुस्तीवाल्याने ८ वर दाब देऊन काटा बरोबर ८ वर दाबून बसवला आणि गेज परत पाठवलं. ८ ला बरोबर, तेव्हा पास. शून्यावर राहिलेला ०.४ हा त्या आखूड पल्ल्याचा एकमेव दिसणारा पुरावा होता. तो नजरेआड करायची सोपी युक्तीही आहे: काटा उपटून शून्यावर बसवायचा. तसं केलं असतं तर हे गेज शून्यावर शहाणं दिसलं असतं आणि १० वर ९.५ दाखवलं असतं, म्हणजे आताहून वाईट. म्हणून जागेवर स्क्रूड्रायव्हरने काटा फिरवणं ही दुरुस्ती नव्हे.

बरोबर क्रम असा: काटा काटा-ओढणीने काढायचा, पहिल्या खुणेएवढा दाब देऊन त्या खुणेवर बसवायचा, पूर्ण मापाला दाब द्यायचा, कमी-जास्त असेल तो दुवा खाचेत सरकवून मिटवायचा, मग मधल्या मापाला बघायचं. एक सुधारलं की दुसरं थोडं बिघडतं, म्हणून हा फेरा दोन-तीनदा करावा लागतो.

नळीच खराब झाली असेल तर मात्र हा फेरा फुकट जातो. ओळखायचं कसं? पूर्ण मापाचा दाब काही मिनिटं धरून सोडायचा आणि शून्य बघायचं. दरवेळी शून्य आणखी वर सरकत असेल, तर नळीने कायमचा वाक धरला आहे. कोरड्या सायफनमधून थेट वाफ गेलेल्या गेजचं असं होतं. मग गेज बदलायचं.

थर्मामीटरवर किती विसंबायचं

टेस्ट गेज हाताशी नसेल तर वाफेच्या तापमानावरून दाब काढण्याचा सल्ला मिळतो. ८ किलोला संपृक्त वाफ साधारण १७५ अंशांवर असते, १० ला १८३ च्या आसपास. म्हणजे एका किलोला जेमतेम चार अंश. दोन किलोची फसवणूक यावरून पकडता येईल. ०.४ म्हणजे दीड-दोन अंश, आणि पाइपवर बसवलेल्या साध्या थर्मामीटरची चूकच तेवढी असू शकते.

त्या रात्री पुढे काय

स्टोअरमध्ये त्याच मापाचं प्रमाणित जादा गेज होतं. दाब शून्यावर आणून गेज बदललं, सायफन पाण्याने भरून कॉक सावकाश उघडला. वाफ चालू असताना गेज खोलायचं नाही. सायफन फुंकून साफ केला असेल तर त्यात पुन्हा पाणी साठेपर्यंत गेजची बाजू बंदच ठेवायची. जादा गेज नसतं तर बॉयलर पेटता ठेवता आला नसता.

लॉगबुकात त्याने "गेज खराब" एवढंच लिहिलं नाही. हवेला उघडून ०.४, टिचकीने फरक नाही, ४ वर ४.२, ८ वर ८.०, १० वर ९.९, उतरताना तेच, असं लिहिलं आणि तोच कागद गेजला बांधला. सकाळी आलेल्या सुपरवायझरने कागद वाचून दुरुस्तीवाल्याला फोन लावला: "दुवा लांब गेलाय, पल्ला आखूड आहे. या वेळी पाच बिंदूंवर चढत-उतरत वाचनं लिहून द्या, नुसता स्टिकर चालणार नाही."