इंटरव्ह्यूच्या इंग्रजीसाठी रिमाइंडर लावताय? या चुका टाळा

सिमरोलची माझी भाची इंदूरच्या एका खासगी रुग्णालयात रिसेप्शनच्या जागेसाठी तयारी करत होती. घरी मराठी, गावात मालवी, बी.कॉम. हिंदी माध्यमातून. इंग्रजी वाचता यायचं, बोलताना जीभ अडायची. तिने फोनवर रोज सकाळी सहाचा रिमाइंडर लावला, ‘इंग्लिश प्रॅक्टिस’. पण सराव काही होईना.

सकाळी सहाला घरात पाणी भरायची गडबड. ती नोटिफिकेशन बाजूला सारायची आणि दिवस तसाच जायचा. म्हणून रिमाइंडर रात्री पावणेनऊवर नेला, कारण तेव्हा भांडी आटोपून ती मोकळी होते.

तरी तो कधी वाजे, कधी नाही. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला कमी वापरातली ॲप्स थांबवून ठेवतो. ॲप उघडल्यावरच अडकलेल्या नोटिफिकेशन येत असतील तर कारण हेच समजा. सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या बॅटरीच्या पर्यायात ‘Unrestricted’ निवडा. सोपं हवं असेल तर फोनच्या घड्याळातला अलार्म लावा. तो सहसा या बचतीत अडकत नाही.

खरी चूक मात्र रिमाइंडरच्या मजकुरात होती. ‘इंग्लिश प्रॅक्टिस’ म्हणजे नेमकं काय करायचं? ती रोज स्वतःची ओळख घोकायची. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटलं की धडाधडा सगळं म्हणून दाखवायची. मी मध्येच विचारलं, ‘व्हाय डू यू वॉन्ट धिस जॉब?’ ती गप्प झाली आणि मग ओळख पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू केली. अडवल्यावर माणूस सुरुवातीला परत गेला, की ते बोलणं नाही, पाठांतर आहे.

मग आम्ही प्रत्येक वाराला वेगळा अलार्म लावला आणि लेबलमध्ये प्रसंग लिहिला. सोमवारी, ‘पेशंटचा नातेवाईक चिडलाय. एक मिनिट बोल, रेकॉर्ड कर.’ मंगळवारी, ‘डॉक्टर उशिरा येणार आहेत, फोनवर कळव.’ उत्तर लिहून काढायचं नाही, थेट बोलायचं. रेकॉर्डिंग एकदाच ऐकायचं आणि त्यातली एकच चूक दुसऱ्या दिवसासाठी उचलायची. तिची पहिली होती ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, तिथे ‘आय हॅव’ हवं. सगळ्या चुका एकदम धरल्या तर ती प्रत्येक शब्दाला थांबते, हे आम्ही पाहिलं.

रेकॉर्डर उलट प्रश्न विचारत नाही, ही या पद्धतीची मर्यादा. त्यासाठी रविवारी मी फोन करून तिला मध्येच तोडायची. प्रश्न कळला नाही की ती हसून ‘यस मॅम’ म्हणायची, आणि इंटरव्ह्यूत याचं फार नुकसान होतं. म्हणून रविवारच्या लेबलमध्ये आम्ही एवढंच लिहिलं, ‘कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?’ ‘मावशी, असं विचारलेलं चालतं का गं?’ तिने विचारलं. चालतं. इंटरव्ह्यूत तिने हे वाक्य दोनदा वापरलं आणि दोन्ही प्रश्नांना स्वतःच्या शब्दांत उत्तर दिलं.