गेमसाठी जुना फोन घेताय? या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात माझा भाचा दारव्ह्याहून नऊ हजारांचा जुना फोन घेऊन आला. काच चकचकीत, कव्हर नवं, बॅटरी 100 टक्के. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "मामा, गेम चालू केला का पाऊण तासात बंद पडते. अन् चार्जिंग तर 24 टक्के दाखवत होतं!" दुकानात त्यानं कॅमेरा पाहिला, गाणं लावून आवाज ऐकला, पण गेम एकदाही चालवला नव्हता.

100 टक्के म्हणजे बॅटरी चांगली, असं समजू नका

100 हा आकडा टाकी भरल्याचा असतो. टाकी केवढी उरली आहे ते त्यावरून कळत नाही. लिथियम बॅटरी वापरानं आणि उष्णतेनं झिजते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, टिनाच्या खोलीत फोन चार्जिंगला लावूनच पोरं खेळतात. अशा फोनची बॅटरी दोन वर्षांतच थकलेली असू शकते.

तपासायची पद्धत सोपी आहे. फोन 80 टक्क्यांच्या आसपास असताना चार्जर काढा, ब्राइटनेस पूर्ण करा आणि जो गेम तुम्ही खेळणार तोच मोबाइल डेटावर 20 मिनिटं खेळा. भाच्याच्या फोनवर मी हेच केलं. 78 चे 64 झाले, म्हणजे 14 टक्के गेले. शेजारच्या पोराकडे त्याच मॉडेलचा चांगला फोन होता. त्याच ओट्यावर, तेवढ्याच वेळात त्याचे 8 टक्के उतरले. म्हणजे भाच्याच्या बॅटरीत मूळच्या साठ टक्क्यांहून कमीच जीव उरला होता. हा अंदाज आहे. रेंज कमी असेल किंवा फोन आधीच तापलेला असेल, तर चांगली बॅटरीही जास्त उतरते. म्हणून दोन्ही फोन एकाच जागी, एकाच वेळी तपासावेत.

24 टक्क्यांवर बंद पडण्याचं कारण वेगळं. थकलेल्या बॅटरीचा आतला विरोध वाढतो. गेम एकदम जास्त करंट ओढतो, व्होल्टेज खाली बसतं आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. थोड्या वेळानं चालू केला की पुन्हा वीसेक टक्के दिसतात. म्हणून विकणाऱ्याला सांगा, "भाऊ, फोन 30 टक्क्यांच्या खाली असताना पाच मिनिटं गेम खेळून दाखव." नाही म्हणाला तर तिथून निघा.

आयफोनमध्ये सेटिंगमधल्या Battery Health मध्ये Maximum Capacity दिसते. 80 च्या खाली असेल तर बॅटरी बदलण्याचा खर्च किमतीतून कापून मागा. मात्र About मध्ये बॅटरीसमोर Unknown Part लिहिलेलं असेल, तर त्या आकड्यावर विसंबू नका.

स्क्रीन फक्त डोळ्यांनी पाहू नका

काच नवी दिसली तर ती बदललेली असू शकते, आणि बदललेली स्क्रीन स्वस्तातली असली की टच मार खातो. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधल्या Build number वर सात वेळा टॅप केलं की Developer options उघडतं. त्यात Pointer location चालू करा. मग एका बोटानं स्क्रीनच्या या काठापासून त्या काठापर्यंत सावकाश रेघा ओढा. रेघ जिथे तुटते तिथे टच मेलेला आहे. आता चार बोटं एकदम ठेवा. वरच्या पट्टीत P समोर 4 यायला हवेत. चार बोटांनी खेळणाऱ्यासाठी ही तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण साध्या वापरात हा दोष कधीच दिसत नाही.

अ‍ॅमोलेड स्क्रीन असेल तर करड्या रंगाचा फोटो पूर्ण स्क्रीनवर लावा. आधीचा मालक गेम खेळणारा असेल, तर डावीकडे जॉयस्टिकचा आणि उजवीकडे गोळीच्या बटणाचा पुसट डाग दिसतो. तो डाग जात नाही. डिस्प्लेखाली फिंगरप्रिंट असलेल्या फोनमध्ये बोट ठेवूनही पहा. स्वस्त एलसीडी टाकली असेल तर ते चालत नाही.

सॉफ्टवेअरची तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नका

रॅम आणि प्रोसेसर सगळेच विचारतात. Android version वर टॅप करून Android security update ची तारीख मात्र कुणी पाहत नाही. ती दोन वर्षांहून जुनी असेल, तर कंपनीनं सुरक्षेचे अपडेट देणं बहुधा बंद केलेलं आहे. गेम लगेच बंद पडत नाही, पण त्याच फोनवर पैशांचे व्यवहार होणार असतील तर तो मी घेणार नाही. दणकट फोनचंही असंच होतं: 2019 चा वनप्लस 7टी अँड्रॉइड 12 वर थांबला, 2017 चा आयफोन एक्स आयओएस 16 वर. अँड्रॉइडचा आकडा मॉडेलच्या मानानं फारच नवा दिसला तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये About उघडा. Play Protect certification खाली Device is certified नसेल, तर सिस्टिम बाहेरून बदललेली असू शकते.

भाच्याच्या दुकानदारानं फोन परत घेतला नाही. 1,400 रुपयांत बॅटरी बदलली आणि त्याच ओट्यावर पुन्हा 20 मिनिटं गेम चालवला: 78 चे 70. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात मात्र रेघ अजून तुटते, म्हणून गोळीचं बटण त्यानं बोटभर खाली सरकवून घेतलं आहे.