नकाशावरचं बेअरिंग होकायंत्रावर घेताना या चुका टाळा

सिएटलच्या आसपासच्या डोंगरांत जाणारी बरीच मराठी मंडळी होकायंत्र सह्याद्रीत शिकून आलेली असतात. तिथे नकाशावर बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने जायच्या जागेपर्यंतचा कोन मोजला, तोच तबकडीवर लावला आणि चालायला लागलं, की माणूस बरोबर जागी पोहोचतो. कारण पुण्या-मुंबईकडे चुंबकीय उत्तर आणि नकाशाची खरी उत्तर यांत फरक असलाच तर जेमतेम अंशभराचा. एका अंशाची चूक किलोमीटरमागे साधारण साडेसतरा मीटर होते, आणि तेवढ्यात पायवाट दिसतेच.

इथे माउंट रेनियरच्या परिसरात हाच फरक सुमारे १५ अंश पूर्व आहे. पुस्तकी नाव चुंबकीय दिक्पात, पण ग्रुपमध्ये सगळे डिक्लिनेशनच म्हणतात. दुरुस्ती न करता एक किलोमीटर चाललात तर जवळजवळ २६० मीटर बाजूला जाता. पॅराडाइजच्या वरच्या उतारावर जुलैपर्यंत बर्फ असतो, वाट त्याखाली असते आणि धुकं उतरलं की पुढच्या माणसाची पिशवीसुद्धा दिसत नाही. तिथे २६० मीटर म्हणजे दुसरी घळ, किंवा थेट हिमनदीची कड.

यमक पाठ, दिशा विसरलेली

बेरीज करायची की वजाबाकी, याच्यासाठी नवखे लोक 'ईस्ट इज लीस्ट, वेस्ट इज बेस्ट' हे यमक पाठ करून येतात. पूर्व असेल तर वजा, पश्चिम असेल तर अधिक. यमक चुकीचं नाही. पण ते फक्त नकाशावरून होकायंत्राकडे जाताना खरं आहे. समोरच्या सुळक्याचं बेअरिंग होकायंत्राने घेऊन ते नकाशावर आखायचं असेल, तर सगळं उलटं होतं. हा अर्धा भाग बहुतेकांना कोणी सांगितलेलाच नसतो. मग आपण कुठे उभे आहोत ते शोधताना ते १५ मिळवण्याऐवजी पुन्हा १५ वजा करतात आणि चूक दुप्पट, म्हणजे ३० अंशांची होते. ३० अंशांत किलोमीटरमागे ५०० मीटरहून जास्त जातात.

म्हणून मी नव्या लोकांना यमक शिकवत नाही, एकच गोष्ट समजून घ्यायला लावतो. इथे सुई खऱ्या उत्तरेच्या १५ अंश उजवीकडे, म्हणजे पूर्वेकडे ओढली जाते. तुम्ही सुईच्या रोखाने तोंड करून उभे राहिलात तर होकायंत्र शून्य म्हणतं, पण नकाशाच्या हिशोबाने तुमचं तोंड १५ अंशांकडे असतं. म्हणजे या भागात एकाच दिशेसाठी होकायंत्राचा आकडा नकाशाच्या आकड्यापेक्षा नेहमी १५ ने लहान असणार. माझ्या होकायंत्राच्या पाठीवर चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलेलं आहे: 'सुई ०, नकाशा १५'. थंडीने डोकं चालेनासं झालं की ही एक ओळ वाचायची, वजाबाकी की बेरीज ते आपोआप कळतं.

उदाहरण घ्या. नकाशावर तळ्यापासून खिंडीचं बेअरिंग ७२ आलं. होकायंत्राचा आकडा लहान हवा, म्हणून ५७ लावायचा. उलट, खिंडीतून एका शिखरावर होकायंत्र धरलं आणि २३० आलं, तर नकाशाचा आकडा मोठा हवा, म्हणून २४५ ची रेघ आखायची. नकाशावर ८ आलं तर ८ वजा १५ म्हणजे उणे ७, त्यात ३६० मिळवून ३५३. इथे घाईत ७ लावणारे लोकही मी पाहिले आहेत.

दोनदा दुरुस्ती

ही चूक हुशार लोक करतात, म्हणून मला तिची जास्त धास्ती वाटते.

सुंटो एमसी-२ किंवा सिल्व्हा रेंजर यांसारख्या होकायंत्रांत डिक्लिनेशन आधीच बसवून ठेवायची सोय असते. छोट्या किल्लीने किंवा चकतीने तबकडीच्या तळातला लाल बाण १५ अंश पूर्वेला सरकवून ठेवायचा. मग नकाशावर मोजलेला आकडा तसाच वापरायचा, सुई त्या बाणात बसवायची आणि निघायचं. वजाबाकी करायचीच नाही. ज्यांना दर मुक्कामाला हिशोब नको असतो त्यांच्यासाठी ही उत्तम सोय आहे.

एका वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला आम्ही एका धारेवरून बर्फाच्या उतारावर खाली येत होतो. पुढे चालणारा मुलगा तयारीचा होता, फक्त त्याला थांबायचा कंटाळा. धुकं आलं तेव्हा त्याने नकाशावरून झाडीतल्या खिंडीचं बेअरिंग काढलं. ते १६० होतं, आणि तो आकडा बरोबर होता. मग त्याला आदल्या आठवड्यात वाचलेलं आठवलं, त्याने १५ वजा केले आणि तबकडीवर १४५ लावला. पण होकायंत्र नवं होतं, आणि घरी बसून त्याने स्वतःच लाल बाण १५ अंश पूर्वेला लावून ठेवला होता. म्हणजे तो खरोखरच १४५ च्या रोखाने निघाला, हव्या त्या दिशेच्या १५ अंश डावीकडे.

मी रांगेच्या शेवटी होतो. नकाशाप्रमाणे ओढा सबंध उतारभर आमच्या डाव्या हाताला राहायला हवा होता. साधारण ८०० मीटर उतरल्यावर पाण्याचा आवाज समोरून यायला लागला. मी ओरडून सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं. पुढचा मुलगा म्हणत होता, "दादा, बेअरिंग बरोबर आहे, मी तीनदा बघितलंय." त्याने खरंच तीनदा बघितलं होतं, पण तिन्ही वेळा सुई बाणात बसली आहे का एवढंच. आकडा कुठून आला हे एकदाही तपासलं नव्हतं. ८०० मीटरमध्ये १५ अंश म्हणजे आम्ही जवळजवळ २१० मीटर डावीकडे होतो. पुढे दोरीच्या अंतरावर ओढ्यावरचा बर्फाचा पातळ पूल होता, मध्ये खचलेला. त्या दिवसांत खालून पाणी बर्फ पोखरत असतं आणि वरून काही कळत नाही.

पाऊलखुणा अजून बुजल्या नव्हत्या. त्याच होकायंत्रावर १४५ अधिक १८०, म्हणजे ३२५ लावून आम्ही खुणांवरून पुन्हा धारेपर्यंत चढलो. बेअरिंग १६० केलं, वजाबाकी केली नाही, आणि त्याच उतारावरून ओढा डावीकडे ठेवून खिंडीत उतरलो. तो मुलगा आता स्वतः नव्यांना शिकवतो, आणि पहिला प्रश्न हाच विचारतो की बाण सरकवलेला आहे का.

माझा नियम कडक आहे. किल्लीने बाण लावायचा असेल तर ग्रुपमधल्या प्रत्येक होकायंत्रावर लावायचा आणि कागदावरची वजाबाकी पूर्ण बंद. नाहीतर सगळे बाण शून्यावर आणि वजाबाकी सगळ्यांची. एकाचं असं आणि दुसऱ्याचं तसं, हे मी चालू देत नाही, कारण धुक्यात दोघांनी एकमेकांना आकडे ओरडून सांगितले की घोळ होतोच. उसनं होकायंत्र हातात आलं तर बाण कुठे लावलाय ते आधी पाहायचं. बोस्टनकडून आलेल्या पाहुण्याच्या होकायंत्रात बाण १४ अंश पश्चिमेला लावलेला असू शकतो, कारण तिकडे डिक्लिनेशन साधारण तेवढंच आणि उलट्या बाजूला आहे. ते तसंच इथे वापरलं तर २९ अंशांची चूक होते.

फोनचंही तसंच. आयफोनमध्ये `Use True North` चालू असेल तर दाखवलेला आकडा आधीच दुरुस्त केलेला असतो. त्यातून पुन्हा १५ काढू नका.

निघण्याआधी पाच मिनिटं

बेरीज-वजाबाकी बरोबर आहे की नाही हे ओळखायचा खात्रीचा मार्ग म्हणजे हवा स्वच्छ असताना, गाडीपासून थोडं लांब जाऊन, नकाशावर नक्की ओळखता येणारी एखादी खूण पाहणं. पॅराडाइजला दक्षिणेकडे टाटूश रांगेचे सुळके दिसतात. समजा नकाशावर त्यातल्या एकाचं बेअरिंग १८० येतंय. बाण शून्यावर असलेल्या होकायंत्राने तोच सुळका १६५ च्या आसपास दिसला पाहिजे, बाण सरकवलेल्याने १८० च्या आसपास. दोन-तीन अंश इकडेतिकडे हाताच्या चुकीने होतात, ते सोडा. पण दुरुस्ती करून नकाशासाठीचा आकडा १५० आला तर तुमचं चिन्ह उलटं आहे, आणि १९५ आला तर दुरुस्ती दोनदा झाली आहे. ही तपासणी 'वेळ नाही' म्हणून टाळणारा माणूस मी धुक्याच्या दिवशी पुढे चालू देत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

जुन्या नकाशाच्या तळाशी छापलेला आकडा वापरू नका. या भागातल्या १९७० च्या सुमाराच्या नकाशांवर २१-२२ अंश दिसतात, आज १५ आहेत, कारण चुंबकीय क्षेत्र सतत सरकत असतं. नोआ या अमेरिकी संस्थेच्या संकेतस्थळावर अक्षांश-रेखांश आणि तारीख टाकली की आजचा आकडा मिळतो. मी तो मोसमाच्या सुरुवातीला एकदा पाहून नकाशाच्या कोपऱ्यात पेन्सिलने, वर्षासह लिहितो.

नकाशाखालच्या तीन बाणांच्या आकृतीवर कोनमापक लावू नका. ती बऱ्याचदा प्रमाणात काढलेली नसते, शेजारी छापलेला आकडा वाचा.

नकाशावर कोन मोजताना सुईकडे बघायचंच नाही. तबकडीतल्या रेघा नकाशाच्या उत्तर-दक्षिण रेघांना समांतर झाल्या की काम झालं. सुईची गरज त्यानंतर, नकाशा बाजूला ठेवल्यावर.

दुसऱ्या कोणाच्या टिपणातून बेअरिंग उतरवलं असेल तर ते खऱ्या उत्तरेचं की चुंबकीय, हे लिहिलेलं असल्याशिवाय वापरू नका. स्वतःच्या वहीतही मी आकड्यामागे 'न' किंवा 'हो' लिहितो, नकाशा किंवा होकायंत्र. नुसता आकडा दिसला की तो खोडून नकाशावरून नव्याने मोजतो.

आइसअॅक्स, फोन आणि छातीवरच्या पट्ट्यातलं चुंबकाचं बक्कल सुईला वेगळ्याच दिशेला ओढतात. ही चूक डिक्लिनेशनची नाही आणि कुठल्याही वजाबाकीने जात नाही. जागा बदलली की तिचा आकडाही बदलतो, हीच तिची ओळख. होकायंत्र हात लांब करून धरा, कुऱ्हाड दुसऱ्या हातात नाही तर बर्फात दोन पावलं लांब रोवून ठेवा, आणि मग वाचा.